एबीसीडी मॅट्रिक्स: गुणाकार कुठल्या क्रमाने?

प्रश्न: फोंड्याला डिप्लोमा करतोय. दोन नेटवर्क कॅस्केड केली, डिटरमिनंट १ आला, तरी उत्तर चुकलं. का?

उत्तर: बहुतेक क्रम उलटा झालाय. सोर्सजवळच्या नेटवर्कचं मॅट्रिक्स डावीकडे लिहायचं. मडगावच्या माझ्या शिकवणीतही मुलं नेमकी इथेच अडकतात.

आधी सिरीजमध्ये १० ओहम, मग शंटमध्ये ४० ओहम घे:

```
[1 10; 0 1] × [1 0; 0.025 1]
= [1.25 10; 0.025 1]
```

उलटं गुणलंस तर `[1 10; 0.025 1.25]` येतं. डिटरमिनंट दोन्हींचा १च, त्यामुळे त्यावरून ही चूक कळणारच नाही.

त्यापेक्षा A तपास. आउटपुट उघडा ठेवला की A म्हणजे V1/V2. इथे व्होल्टेज डिव्हायडर ४०/५०, म्हणजे ०.८ देतो, त्याचा व्यस्त १.२५. जुळलं! उलट जोडणीत १० ओहममधून करंटच जात नाही, म्हणून A १ येतो.

आणि I2 बाहेर जाणारा धर, कारण तोच पुढच्या नेटवर्कचा I1 होतो. तुमच्या पुस्तकात तो आत येणारा दाखवला असेल, तर समीकरणात −I2 लिही.