प्रमेय आणि प्रमेयिका

प्रश्न: इंदूरला मुलगी हिंदी माध्यमात शिकते. तिच्या गणितात ‘प्रमेय’ आहे आणि ‘प्रमेयिका’ही. इंग्रजी पुस्तकात तिथे ‘लेमा’ आहे. प्रमेयिका म्हणजे आपले उपप्रमेय का? आणि ती सिद्ध न करता मानायची असते का?

उत्तर: दोन्ही नाही. उपप्रमेय, म्हणजे कोरोलरी, प्रमेय सिद्ध झाल्यावर त्यातून सहज निघते. लेमा मात्र प्रमेयाच्या आधी, त्याच्या सिद्धतेत वापरण्यासाठी सिद्ध करून ठेवतात. ग्रीक ‘लेमा’चा मूळ अर्थ ‘घेतलेले’ असा आहे. आपल्या ‘गृहीत’ शब्दाच्या मुळाशीही घेणेच आहे, पण त्यावरून लेमाला गृहीतक समजू नये, कारण गृहीतक सिद्धतेविना स्वीकारतात आणि लेमा प्रमेयाइतकाच काटेकोरपणे सिद्ध करावा लागतो.

युक्लिडचा लेमा पाहा: p ही मूळ संख्या असेल आणि ab या गुणाकाराला p ने निःशेष भाग जात असेल, तर a आणि b यांपैकी निदान एकीला तरी p ने भाग जातो. ‘मूळ’ ही अट काढली की विधान कोसळते, कारण 4 × 9 = 36 ला 6 ने भाग जातो, पण 4 लाही जात नाही आणि 9 लाही नाही. आता √2 अपरिमेय आहे हे प्रमेय घ्या. √2 = a/b हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक मानला, तर a² = 2b² मिळते, म्हणजे a·a ला 2 ने भाग जातो. तेवढ्यावरून a लाही 2 ने भाग जातो असे म्हणायचा अधिकार लेमा देतो. मग a = 2c लिहिले की b² = 2c² येते, तोच लेमा पुन्हा लावला की b ही सम ठरते, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त होता हे म्हणणे टिकत नाही. सिद्धतेचा सगळा भार त्या एका लेमावर आहे, पण सांगायची गोष्ट √2 ची आहे, म्हणून प्रमेय हे नाव तिला.

ही नावे लेखकाच्या मांडणीवर ठरतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘a² ला मूळ संख्या p ने भाग जात असेल, तर a लाही जातो’ हे विधान प्रमेय म्हणूनच छापले आहे. ते तिथे मूळ अवयवांच्या एकमेवतेवरून, म्हणजे कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात यावरून, सिद्ध केले आहे, तर अनेक वरच्या पुस्तकांत युक्लिडच्या लेमावरून ती एकमेवताच सिद्ध करतात. दोन्ही क्रम एकत्र केले तर सिद्धता गोल गोल फिरते, म्हणून मुलीने कोणते विधान आधी आले आहे ते पाहावे.

‘प्रमेयिका’ मला पूर्ण पटत नाही. नाटिका, पुस्तिका यांतला ‘इका’ लहानपणा सुचवतो, आणि लेमाची सिद्धता कधी कधी प्रमेयाच्या सिद्धतेहून लांब असते. मराठीत मी ‘साहाय्यक प्रमेय’ लिहितो.