रोजचे २७ किलोमीटर आणि बॅटरीचा हिशोब

प्रश्न: साताऱ्यात राहतो. रोज कामावर जाऊन-येऊन २७ किमी, महिन्याला साधारण ७०५. जुनी स्कूटर बदलायची आहे. पेट्रोलची नवी ऑन-रोड १,०५,००० ला, इलेक्ट्रिक १,३५,००० ला, वर बॅटरीची वाढीव वॉरंटी ६,०००. डीलर म्हणतो, किमीला १८ पैसेच पडतात. तीन महिन्यांची पेट्रोलची बिलं ४,९०० रुपयांची, तेवढ्यात २,११५ किमी झाले. मेहुण्यांच्या इलेक्ट्रिकला सबमीटर आहे, त्यांना ६४० किमीला २२.५ युनिट लागले. घरचं बिल २४० युनिटांचं येतं. बायकोची स्कूटर रोज ८ किमी चालते, तीही बदलू का?

उत्तर: पेट्रोलची बिलं आणि सबमीटरचं रीडिंग हाताशी असल्यामुळे अंदाजावर चालायची गरज नाही. ४,९०० भागिले २,११५, म्हणजे किमीला २ रुपये ३२ पैसे. यात एक खात्री करून घ्या. पहिल्यांदा टाकी फुल केली ते बिल धरायचं नाही, तिथून फक्त किलोमीटर मोजायला सुरुवात करायची. शेवटी पुन्हा फुल केलेलं बिल मात्र धरायचं. हे उलटं झालं तर आकडा फसवा येतो.

आता डीलरचे १८ पैसे. तीन युनिटांची बॅटरी, कंपनीची १२० किमीची रेंज आणि सात रुपये युनिट धरलं की बरोबर एवढेच येतात. पण चार्जर तापतो, त्यात काही वीज जाते आणि रस्त्यावर कंपनीची रेंज मिळत नाही. म्हणून भिंतीतल्या सॉकेटमधून किती युनिट गेले तेच खरं. मेहुण्यांचा आकडा १०० किमीला साडेतीन युनिट पडतो आणि हिशोबाला तोच धरायचा.

दरात तर सगळ्यात जास्त चूक होते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. तुमचे २४० युनिट आधीच लागतात, स्कूटरचे महिन्याचे २५ युनिट त्याच्या वर चढणार. त्यांना सरासरी दर नाही, तर १०१ ते ३०० च्या टप्प्याचा दर लागेल. बिलाच्या मागे त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार असेल तर तो यांची बेरीज करा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार धरू नका, तो स्कूटर नसली तरी भरताच. आपण साडेबारा रुपये धरू. साडेतीन युनिटांचे झाले पावणेचव्वेचाळीस रुपये, म्हणजे किमीला ४४ पैसे. उन्हाळ्यात कूलर-फ्रिजमुळे ३०० ओलांडले तर संपूर्ण बिल महाग होत नाही, ३०० च्या वरच्या युनिटांनाच तो दर लागतो.

वर्षाला ८,४६० किमी. पेट्रोलला सुमारे १९,६००, विजेला ३,७००. सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग वाचतात, त्याचे दोन हजार धरा. टायर आणि ब्रेक दोन्हीकडे सारखेच. बचत झाली वर्षाला १७,९००. वॉरंटी धरून जास्तीचे ३६,००० दोन वर्षांत वसूल होतात, असं कोणीही सांगेल. पण बॅटरी हा त्या गाडीचा आगाऊ भरलेला इंधनखर्च आहे. आठ वर्षांनी बदलायला ६०,००० लागतील असं धरलं तर वर्षाला साडेसात हजार बाजूला टाकावे लागतात. उरतात १०,४००, आणि वसुलीला साडेतीन वर्षं लागतात. माझ्या मते हाच आकडा प्रामाणिक आहे आणि तुमच्या धावण्याला तो परवडतो. ६०,००० च्या जागी तुमच्या मॉडेलच्या बॅटरीचा आजचा भाव डीलरकडून लेखी घेऊन टाका.

वाढीव वॉरंटी घ्या, पण कागद वाचून. वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तिथे ती संपते. आठ वर्षांत तुमचे ६७,७०० किमी होतील, तेव्हा मर्यादा ८०,००० असेल तर ठीक, ५०,००० असेल तर सहाव्या वर्षाच्या सुमारास हात रिकामे. दुसरं म्हणजे क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून किंवा दुरुस्त करून देऊ, असं वाक्य त्यात आहे का ते बघा. ते नसेल तर वॉरंटी फक्त बिघाडाला आहे. रेंज हळूहळू ९० वरून ५५ किमीवर आली तर ते नेहमीची झीज म्हणून बसतील. पाण्यात बुडालेली किंवा बाहेर उघडलेली बॅटरी आणि चुकवलेली सर्व्हिसिंग यांवर दावे नाकारले जातात. दर सर्व्हिसिंगला बॅटरीच्या क्षमतेचा टक्का जॉबकार्डावर लिहून मागा, पुढे दाव्याला तोच पुरावा.

वहिनींची स्कूटर मात्र बदलू नका. वर्षाला २,५०० किमीच्या आसपास धावते, किमीमागे १ रुपया ८८ पैसे वाचले तरी ४,७०० होतात. बॅटरी तर न चालवताही वयाने उतरतेच, तिच्यासाठी बाजूला टाकायचे साडेसात हजारसुद्धा त्यातून निघत नाहीत.