व्हॅल्प्रोएट आणि गर्भधारणा: काय सांगावे, काय नोंदवावे

प्रश्न: मी मानसोपचाराचे प्रशिक्षण घेत आहे. बायपोलर विकार असलेल्या तरुण स्त्रीला व्हॅल्प्रोएट चालू आहे, तब्येत उत्तम आहे आणि ती म्हणते, "सध्या मूल नको आहे." अशा वेळी तिला नेमके काय सांगावे, आणि केसपेपरवर काय लिहावे?

उत्तर:

"सध्या मूल नको" हे वाक्य ऐकून बहुतेक डॉक्टर पुढच्या विषयाकडे वळतात, आणि माझ्या मते नेमके तिथेच थांबायला हवे. मूल नको असणे आणि गर्भधारणा होणार नाही याची तजवीज केलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक गर्भधारणा न ठरवता होतात, आणि उन्मादाच्या झटक्यात खबरदारी घेतली जाण्याची शक्यता आणखी कमी होते. म्हणून समुपदेशनाची सुरुवात मुलाच्या इच्छेपासून न करता ती सध्या कोणते गर्भनिरोधक साधन वापरते इथून करावी.

तपशील बदलून एक उदाहरण देतो. सत्तावीस वर्षांच्या एका स्त्रीला उन्मादाचे दोन तीव्र झटके येऊन गेले होते आणि त्यांपैकी एकदा तिला दाखल करावे लागले होते. तीन वर्षांपासून ती रोज 1000 मिलिग्रॅम डायव्हॅल्प्रोएक्सवर, म्हणजे व्हॅल्प्रोएटच्याच एका प्रकारावर, स्थिर होती. लिथियम कधी दिलेलेच नव्हते, अपस्मार नव्हता आणि गर्भनिरोधक म्हणून क्वचित निरोध वापरला जात होता. जुन्या केसपेपरवर "गर्भधारणेच्या जोखमीबाबत समुपदेशन केले" एवढी एक ओळ होती. तिला काय आठवते असे विचारल्यावर ती म्हणाली, "दिवस गेले की गोळी बंद करायची, असं सांगितलं होतं. पाळी चुकली की मी लगेच बंद करीन."

हा समज अगदी स्वाभाविक आहे आणि तितकाच धोकादायक आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे 28 दिवसांत मिटते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर पाळी चुकते त्या दिवशी गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो, म्हणजे नळी मिटण्याआधी हातात फक्त दोन आठवडे उरतात. पाळी मागेपुढे झाली असेल म्हणून वाट पाहणे, मग तपासणी करणे, मग डॉक्टरांची वेळ मिळणे, एवढ्यात हा काळ सरतो. पाळी अनियमित असेल तर तो सरल्याचे कळतही नाही, आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही स्त्रियांमध्ये अंडाशयाचे विकार होऊन पाळी अनियमित होते, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच निर्णय गर्भधारणेच्या आधी व्हायला हवा. हे मी तिला कागदावर पाळीची तारीख लिहून, बोटाने दिवस मोजून दाखवले. तेव्हा तिने स्वतःच म्हटले, "म्हणजे मला कळेपर्यंत उशीर झालेला असेल." समुपदेशन पोहोचले की नाही हे ओळखण्याची खूण हीच, की तिने मुख्य मुद्दा आपल्या शब्दांत परत सांगावा.

जोखमीचे आकडे सांगताना टक्केवारीपेक्षा "शंभर बाळांपैकी किती" असे सांगितलेले लोकांना चांगले समजते. सर्वसाधारण गरोदरपणात शंभरातील दोन ते तीन बाळांमध्ये मोठे जन्मजात व्यंग आढळते. व्हॅल्प्रोएट चालू असताना हा आकडा सुमारे दहा ते अकरापर्यंत जातो. यात पाठीचा कणा नीट न जुळणे, हृदयाची व्यंगे, टाळू दुभंगणे, हातापायांची आणि मूत्रमार्गाची व्यंगे येतात. याखेरीज गर्भात असताना या औषधाच्या संपर्कात आलेल्या शंभर मुलांपैकी तीस ते चाळीस मुलांमध्ये बोलायला किंवा चालायला उशीर होणे, स्मरण आणि शिकणे यांत अडचण येणे अशा विकासाच्या समस्या दिसतात. स्वमग्नतेचे प्रमाणही अशा मुलांमध्ये वाढलेले आढळते. हा दुसरा भाग डॉक्टर अनेकदा वगळतात. व्यंगांचा धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत असतो, मेंदूच्या विकासाचा धोका मात्र पूर्ण गरोदरपणात राहतो. सोनोग्राफी चांगली आली म्हणून तो संपत नाही, हे स्पष्ट सांगावे.

"डोस कमी केला तर चालेल का?" हा प्रश्न हमखास येतो. अपस्मारासाठी औषध घेणाऱ्या गर्भवतींच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत रोज 650 मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसला मोठ्या व्यंगांचे प्रमाण सुमारे 6 टक्के होते, तर 1450 मिलिग्रॅमच्या वर ते सुमारे 25 टक्के होते. म्हणजे डोस कमी केल्याने धोका कमी होतो, पण निर्धोक म्हणता येईल असा डोस नाही, आणि उन्मादासाठी लागणारे डोस बहुधा लहान नसतात. 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेआधीपासून द्यायची प्रथा आहे आणि ती पाळायला हरकत नाही, मात्र त्याने व्हॅल्प्रोएटमुळे होणारा धोका टळतो असा पुरावा नाही. "फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे" ही ओळ अनेक केसपेपरांवर सुरक्षिततेच्या हमीसारखी लिहिलेली असते. ती तशी लिहू नये.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. औषध अचानक बंद केल्यावर पुन्हा झटका येण्याची शक्यता मोठी असते, आणि गरोदरपणातला किंवा बाळंतपणानंतरचा उन्माद आई आणि बाळ दोघांनाही जिवावरचा ठरू शकतो. भीती घालून पाठवलेली स्त्री घरी जाऊन स्वतःच गोळ्या बंद करते. म्हणून प्रत्येक भेटीत एक वाक्य ठरलेले असावे: "गोळी स्वतःहून बंद करू नका, पण पाळी चुकल्याची शंका आली तर त्याच दिवशी तपासणी करा आणि आम्हाला कळवा." बायपोलर विकारात, अपस्मार नसल्यास, व्हॅल्प्रोएट दुसऱ्या औषधाच्या आधाराने डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर थांबवता येते. अपस्मार असल्यास तसे करता येत नाही, म्हणून अपस्माराच्या झटक्यांचा इतिहास विचारल्याची नोंदही आवश्यक आहे.

या स्त्रीच्या बाबतीत औषध बदलण्याचा सल्ला मी स्पष्टपणे दिला. बायपोलर विकारासाठी गरोदरपणात व्हॅल्प्रोएट युरोपात 2018 पासून निषिद्ध आहे, आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते गर्भधारणा टाळण्याच्या कार्यक्रमाच्या अटी पाळूनच देता येते. माझे मत असे की इतर पर्याय न वापरता ते पहिल्यांदा सुरू करणे आज समर्थनीय नाही. तिच्यासमोर दोन पर्याय ठेवले. पहिला लिथियम: त्यात रक्तपातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावे लागते, आणि गरोदरपणात बाळाच्या हृदयाच्या व्यंगाचा धोका थोडा, डोसनुसार वाढतो, तरीही तो व्हॅल्प्रोएटच्या धोक्यापेक्षा बराच कमी आहे. दुसरा क्वेटियापिन. लॅमोट्रिजिन मी सुचवले नाही, कारण ते नैराश्य रोखायला उपयोगी असले तरी उन्माद रोखायला कमी पडते आणि हिचे दोन्ही झटके उन्मादाचे होते. शिवाय व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तपातळी वाढते, त्यामुळे गंभीर पुरळ टाळण्यासाठी ते फार सावकाश वाढवावे लागते.

तिने क्वेटियापिन निवडले. ते आधी उपचाराच्या डोसपर्यंत नेले आणि मगच डायव्हॅल्प्रोएक्स दर दोन आठवड्यांनी 250 मिलिग्रॅमने कमी करत नेले. झोप कमी होणे हे तिच्या झटक्याचे पहिले लक्षण असल्याने प्रत्येक भेटीत झोपेचे तास विचारले. या संपूर्ण काळात भरवशाचे गर्भनिरोधक हवेच, म्हणून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि तिने तांबी बसवून घेतली. तांबी किंवा हाताच्या त्वचेखालचे रोपण यांत रोज आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून या स्थितीत मी त्यांनाच प्राधान्य देतो.

आता नोंदीबद्दल. नोंद वाचून दुसऱ्या डॉक्टरला तिला काय सांगितले गेले, तिला काय समजले आणि तिने काय ठरवले हे कळले पाहिजे. वरच्या भेटीची नोंद अशी होती:

> "वय 27, बायपोलर विकार, तीन वर्षे स्थिर. डायव्हॅल्प्रोएक्स 1000 मिलिग्रॅम. अपस्मार नाही. शेवटच्या पाळीची तारीख नोंदवली; आज गर्भ तपासणी नकारात्मक. सध्या निरोधाचा अनियमित वापर. एकटीशी बोलले. व्हॅल्प्रोएट चालू असताना मोठ्या व्यंगाचा धोका शंभरात सुमारे 10 ते 11 (एरवी 2 ते 3) आणि विकासाच्या समस्यांचा धोका शंभरात 30 ते 40 असल्याचे सांगितले. डोस कमी करून किंवा फॉलिक अ‍ॅसिड घेऊन धोका नाहीसा होत नाही हे सांगितले. अचानक बंद केल्यास झटक्याचा धोका सांगितला. रुग्णाच्या शब्दांत: 'मला कळेपर्यंत उशीर झालेला असेल, म्हणून आधीच औषध बदलायचं.' लिथियम व क्वेटियापिन यांचे फायदे-तोटे चर्चिले. रुग्णाने क्वेटियापिन निवडले. निर्णयक्षमता अबाधित. तांबीसाठी पाठवले, ती बसेपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरण्याचे मान्य. पाळी चुकल्यास त्याच दिवशी तपासणी व संपर्क. लेखी माहिती दिली. पुढील भेट दोन आठवड्यांनी."

"एकटीशी बोलले" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. नातेवाइकांसमोर गर्भनिरोधाबद्दल मिळालेले उत्तर खरे असेलच असे नाही, म्हणून भेटीचा थोडा भाग तरी तिच्या एकटीशी व्हावा.

काही स्त्रिया सगळे समजून घेऊनही व्हॅल्प्रोएटच ठेवायचे म्हणतात, विशेषतः इतर औषधे खरोखर निष्फळ ठरली असतील तेव्हा. तेव्हा "रुग्णाने नकार दिला" असे लिहून हात झटकू नयेत. नोंद अशी करावी:

> "लिथियम व क्वेटियापिन पुरेशा डोसात व पुरेसा काळ देऊनही झटके आले (तारखा वर). वरील धोके समजून रुग्णाने व्हॅल्प्रोएट सुरू ठेवण्याचे ठरवले. रोपण बसवलेले आहे, मुदत नोंदवली. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले. धोक्याच्या माहितीपत्रावर दोघांची सही. निर्णयाचा फेरविचार दरवर्षी, आणि मूल हवे असे वाटताच गर्भनिरोधक थांबवण्यापूर्वी."

उन्मादाच्या ऐन भरात झालेले समुपदेशन पुरेसे मानू नये. त्या वेळी "आज माहिती दिली, समज मर्यादित, स्थिती सुधारल्यावर पुन्हा चर्चा करणे" असे लिहावे, गर्भ तपासणी करूनच औषध ठरवावे, आणि व्हॅल्प्रोएट सुरू झालेच असेल तर घरी पाठवण्याच्या दिवशीच्या कागदावर ते चालू ठेवायचे की बदलायचे हा निर्णय कोणी आणि कधी घ्यायचा हे लिहावे. दाखल असताना सुरू झालेली गोळी कोणीही फेरविचार न करता वर्षानुवर्षे चालू राहते, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा स्त्रियांपैकी पुष्कळ जणींची कहाणी तिथूनच सुरू झालेली असते.