कन्या राशीची चेष्टा आणि तालमीतले आम्ही

प्रश्न: आमच्या पणजीच्या ऑफिसच्या ग्रुपवर राशींचे मीम येतात. माझा जन्म ५ सप्टेंबरचा, म्हणजे मी कन्या. दर वेळी ‘लोकांच्या चुका काढणारी, गादीवरची सुरकुती पाहून झोप उडणारी’ असं काहीतरी असतं. राग यायला हवा, पण मीच ते पुढे पाठवते! आजी म्हणते, तुझी रास वृषभ आहे. मग मला हे लागू कसं पडतं? आणि स्वतःची बदनामी ऐकायला आवडते तरी का?

उत्तर:

आधी आजीचं बघू, कारण त्यात अर्धं उत्तर आहे. मीममधली रास पाश्चात्त्य पद्धतीची, सूर्यावरून काढलेली. २३ ऑगस्ट ते २२ सप्टेंबरच्या आसपास जन्मलेले सगळे तिथे कन्या. आपल्या पंचांगाची मोजणी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून केलेली. ती पाश्चात्त्य मोजणीपासून सुमारे २४ अंशांनी सरकलेली आहे, म्हणून ५ सप्टेंबरला आपला सूर्य अजून सिंहेतच असतो. (मकरसंक्रांत १४ जानेवारीला येते आणि त्यांचा सूर्य मकरेत २२ डिसेंबरच्या सुमारास जातो, तोच हा फरक.) शिवाय आपल्याकडे ‘रास कोणती?’ म्हटलं की चंद्राची रास सांगतात, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. थोडक्यात, तुम्ही एकाच वेळी कन्या, सिंह आणि वृषभ आहात. तिन्ही मीम समोर ठेवली तर तिन्हींत तुम्हाला स्वतःचं काही ना काही सापडेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

ही पैज मी हवेतून लावत नाही. फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला नाटक असतं आणि तालमींचा ग्रुप वर्षभर जिवंत राहतो. तिथे असली मीम रोज येतात. एकदा मी एका मीममधल्या बाराही ओळी वहीत उतरवल्या, राशींची नावं गाळली, क्रम बदलला आणि तालमीला आलेल्या अकरा जणांना म्हटलं, आपापली ओळ ओळखा. नुसत्या नशिबानेही एखाद्याचं जुळलंच असतं. जुळलं दोघांचं, आणि त्या दोघांना आपल्या राशीचे विनोद आधीच पाठ होते. एकाने तर तीन ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘हे सगळं मीच.’

पुढच्या आठवड्यात मी आणखी एक खोडी काढली. कन्येची ओळ मेषेच्या नावाखाली टाकली: ‘मेष: तुमच्या मेसेजमधला अनुस्वार दुरुस्त करून मगच उत्तर देणार.’ आमचा प्रॉम्प्टर मेषेचा. पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला, ‘अगदी मी! बायकोला दाखवलं, ती पण हसली.’ आता प्रॉम्प्टरला अनुस्वाराची काळजी असणारच, तो त्याचा धंदाच आहे. पण ती खूण त्याने राशीच्या खात्यावर जमा केली. अकरा जणांची गंमत म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मान्य.

संशोधन म्हणाल तर जुनं आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेलं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिले आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातली बरीच वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. मात्र फोररची वाक्यं गुळमुळीत होती: तुम्ही स्वतःवर फार टीका करता, कधी मिसळता तर कधी अबोल असता. कोणालाही बसणारी. मीम तसं नसतं, ते नेमकं बोट ठेवतं. मग ते कसं बसतं?

मला वाटतं, राशीचं नाव आधी मिळालं की माणूस स्वतःच्या आठवणीत पुरावा शोधायला लागतो, आणि एक पुरावा त्याला पुरतो. १९७८ साली हान्स आयझेंक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांत राशीप्रमाणे मोकळेपणा-अबोलपणाचा फरक दिसला होता. पुढे तपासल्यावर कळलं की तो ज्यांना आपल्या राशीचे गुण ठाऊक होते त्यांच्यात दिसतो, ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात नाही. माणसं राशीसारखी नव्हती, राशीचं ऐकून स्वतःबद्दल तशी उत्तरं देत होती. तुम्हीही आता गादीवरची सुरकुती जरा जास्तच बघत असाल.

आता बदनामी का आवडते ते. एकदा राशींना कोणते दोष वाटून दिले आहेत ते नीट बघा. कन्या चुका काढते, म्हणजे काम चोख करते. वृश्चिक डूख धरतो, म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नका. सिंहाला फोटो हवेत, वृषभाला जेवण आणि झोप. हे सगळे मिरवता येणारे दोष. ‘उसने पैसे परत करत नाही’ ही ओळ कोणत्या राशीखाली दिसली का कधी?

मी ती लिहून पाहिली, आणि तिथे माझं चुकलं. वृषभेच्या नावावर टाकली तेव्हा माझ्या मनात कोणी नव्हतं. पण ग्रुपमधल्या एका वृषभवाल्याने दुसऱ्याचे पैसे खरोखरच थकवले होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. एरवी दोन मिनिटांत पंधरा हसरे चेहरे येतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही आला नाही, आणि तो गडी दोन तालमींना फिरकला नाही. शेवटी मी त्याच्या घरी जाऊन चहा घेतला तेव्हा तो आला. दोष अतोनात फुगवलेला असला तरच तो अंगाला लागत नाही. खऱ्या मापाचा झाला की तो आरोपच.

दुसरं म्हणजे पंगत. बारा जणांना बारा टोले बसतात, कोणी सुटत नाही, म्हणून आपला टोला ही आपली पानावरची जागा वाटते. ज्याची ओळ राहून जाते तो तक्रार करतो: ‘अरे, कुंभ कुठाय?’ टोला मिळाला नाही म्हणून रुसणारी माणसं मी दर महिन्याला बघतो.

बाकी काही विनोद आपल्याकडे येताना वाकडे होतात. मिथुनेला ‘दुतोंडी’ म्हणतात ते पाश्चात्त्यांच्या जुळ्या भावांवरून. आपलं मिथुन म्हणजे स्त्री-पुरुषाची जोडी, त्यात दुतोंडीपणा कुठला? मकरेवरचे बोकडाचे विनोद तर आमच्या तालमीत कोणालाच कळत नाहीत, कारण आपला मकर पाण्यातला.

तुम्ही स्वतःच पुढे पाठवता तोवर काही बिघडत नाही. उद्या साहेब म्हणाले, ‘हिशेब हिच्याकडे द्या, कन्या आहे ना,’ आणि महिनाअखेरीची बिलं तुमच्या टेबलावर आली, तर मात्र तिथल्या तिथे सांगा की आजीच्या म्हणण्याप्रमाणे मी वृषभ, मला जेवून झोपायचं आहे.