कोरीव सागवानी दाराचा रेंडर सपाट का दिसतो?

प्रश्न : मुख्य दाराचा रेंडर केलाय. सागवानाचं टेक्सचर उत्तम आहे, कोरीव पॅनेल आहेत, पितळी कडी-कोयंडा लावलाय. तरी दार भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

टेक्सचर बदलत बसू नका, दोष तिथे नाही. दार भिंतीत बसलेलंच नाही. चौकट म्हणजे दाराभोवती काढलेली पट्टी, असं समजून मॉडेल करणारे फार आहेत.

भिंत २३० मिमी, प्लास्टर बाहेरून २० आणि आतून १२, म्हणजे एकूण २६२ मिमी धरा. चौकटीचं लाकूड १२५ × ६५, त्यातली १२५ ही खोली. दार आत उघडत असेल तर चौकट आतल्या प्लास्टरला समतल बसवा. बाहेर १३७ मिमी भिंतीची कड उरते. पल्ला ३८ मिमी जाड, तो चौकटीच्या आतल्या बाजूच्या खाचेत बसतो, म्हणून चौकटीच्या पुढच्या तोंडापासून आणखी ८७ मिमी मागे जातो. थोडक्यात, बाहेरच्या भिंतीपासून पल्ल्यापर्यंत २२४ मिमी खोली हवी. तुमच्या फाइलमध्ये ती मोजून बघा.

ताळा सावलीवरून घेता येतो. सूर्य दारासमोर ४५ अंशांवर ठेवा. भिंतीच्या वरच्या कडेची सावली २२४ मिमी खाली उतरते; त्यातले ६५ चौकटीच्या आडव्या लाकडात जातात आणि उरलेली साधारण १६० मिमी पल्ल्यावर पडते. ती दिसली नाही तर खोली खोटी आहे.

पल्ला आणि चौकट यांच्यातली ३ मिमीची फट बाहेरून दाखवू नका. खाचेचा १२ मिमी ओठ ती झाकतो. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही बाहेरून दिसत नाहीत, त्या काढून टाका.

कोरीवकामाला नॉर्मल मॅप पुरतो, हे मला कधीच पटलेलं नाही. समोरून तो खपून जातो, पण तिरक्या कोनातून ८ मिमी खोल पाकळीची कड सपाटच राहते आणि तिची सावली शेजारच्या पाकळीवर पडत नाही. डिस्प्लेसमेंट वापरा, जाळी पुरेशी दाट ठेवा, नाहीतर खरी भूमिती घडवा. लाकडाच्या रेषाही तपासा : उभ्या पट्ट्यांत त्या उभ्या, आडव्यांत आडव्या, आणि प्रत्येक तुकड्याचं टेक्सचर थोडं सरकवलेलं. एकच सलग चित्र सगळ्या दारावर ताणलं की सांधे मरतात.

पितळासाठी मेटॅलिक १, रफनेस ०.३ च्या आसपास. तरी ते मातकट दिसलं तर रंगाला हात लावू नका. त्यात प्रतिबिंबित व्हायला समोर काही नसतं, म्हणून तसं होतं. दारासमोर एचडीआरआय किंवा निदान अंगण-आकाश ठेवा. कड्यांना १ मिमी बेव्हल द्या, लाकडाच्या कडांना २.

आणि हो, दार बाहेर उघडत असेल तर वरचा हिशेब उलटतो : चौकट बाहेरच्या बाजूला सरकते, पल्ला तिच्या पुढच्या तोंडाला समतल येतो, बिजागऱ्या आणि ती ३ मिमीची फट दोन्ही दिसतात.