सीट लागण्याआधीच हातात आलेलं प्रवेशपत्र

प्रश्न : वकीलसाहेब, मुलगी नीट पास आहे, पण मार्क कमी आहेत. गावातल्या ओळखीच्या माणसाने पुण्याच्या एका ‘सरां’ची गाठ घालून दिली. अभिमत विद्यापीठात मॅनेजमेंट कोट्यातून एमबीबीएसची सीट देतो, फीशिवाय 22 लाख डोनेशन लागेल, असं ते म्हणाले. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून 2 लाख यूपीआयने दोन दिवसांत दिले, 3 लाख रोख दिले. त्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर प्रोव्हिजनल ॲडमिशनचं पत्र आणि 5 लाखांचा चेक दिला. आता शनिवारपर्यंत आणखी 8 लाख रोख मागतायत, नाहीतर सीट दुसऱ्याला जाईल म्हणे. मुलीचे मूळ दाखले आणि काउन्सेलिंगचा पासवर्ड त्यांच्याकडेच आहे. हे खरं आहे का? नसेल तर पैसे परत कसे मिळतील? — एक पालक, बार्शी तालुका

उत्तर : शनिवारी एक रुपयाही देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्याकडचं लेटरहेडवरचं पत्र समोर घ्या आणि त्यावरची तारीख बघा. अभिमत विद्यापीठांतल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, तथाकथित मॅनेजमेंटच्या आणि एनआरआयच्या धरून, दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, ऑनलाइन भरते. शेवटची स्ट्रे फेरीसुद्धा तीच घेते. कॉलेजच्या हातात आपल्या मर्जीने वाटायला एकही जागा उरत नाही. विद्यार्थ्याने mcc.nic.in वर स्वतःच्या लॉगिनमधून पसंतीक्रम भरायचा, नीटच्या क्रमांकानुसार जागा लागली की अलॉटमेंट लेटर तिथूनच उतरवून घ्यायचं, ते घेऊन कॉलेजात हजर व्हायचं आणि कॉलेजने त्याच प्रणालीतून प्रवेशाचं पत्र काढून द्यायचं. अलॉटमेंट झाल्याशिवाय कॉलेज प्रवेश देऊच शकत नाही. त्यामुळे अलॉटमेंटच्या आधीच्या तारखेचं ‘प्रोव्हिजनल ॲडमिशन’ पत्र, त्यावरचा शिक्का कितीही खरा दिसला तरी, कायद्याने शून्य आहे.

आता त्या 2 लाखांकडे या. हा आकडा त्याने विचार करून निवडला आहे. अभिमत विद्यापीठांच्या काउन्सेलिंगसाठी नोंदणी करताना एमसीसी खरोखरच 5,000 रुपये नोंदणी शुल्क आणि 2 लाख रुपये परत मिळणारी अनामत घेते. म्हणून ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ हा शब्द ऐकून तुम्हाला संशय आला नाही, आणि इंटरनेटवर पाहिलं असतं तरी आकडा जुळलाच असता. फरक एवढाच की खरी अनामत उमेदवाराच्या लॉगिनमधून एमसीसीच्या पोर्टलवर भरायची असते, आणि नियमाने परत मिळते तेव्हा ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात येते. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर ती कधीच जात नाही. पैसे पाठवताना पडद्यावर आलेलं नाव आठवा. ते विद्यापीठाचं नव्हतं, माणसाचं होतं.

मग असे लोक काही मुलांना सीट मिळवून देतातच की, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तुमच्या गावातल्या ओळखीच्या माणसानेही बहुधा हेच सांगितलं असेल. यामागचा हिशेब असा असतो. समजा, त्याने दहा पालकांकडून प्रत्येकी 5 लाख घेतले, म्हणजे 50 लाख. दहाही मुलांचे पसंतीक्रम तो भरतो. त्यातल्या दोघांना स्वतःच्या मार्कांवर, शेवटच्या फेरीत, महागड्या फीमुळे रिकाम्या राहिलेल्या जागा लागतात. त्या दोघांचे पैसे ‘काम झालं’ म्हणून त्याच्याकडे राहतात आणि ते दोन पालक पुढच्या वर्षी त्याची जाहिरात करतात. उरलेल्या आठांपैकी जे फार आरडाओरडा करतात त्यांना तो थोडे थोडे परत करतो. त्याने काहीच मिळवून दिलेलं नसतं. मुलाने मिळवलेलं असतं. तुमच्या मुलीला उद्या जागा लागली, तर तीही तिच्याच नीटच्या क्रमांकावर लागेल.

म्हणून सर्वांत तातडीचं काम पैशांचं नाही, पासवर्डचं आहे. आज मुलीला बसवून पोर्टलवर लॉगिन करायला लावा आणि नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. तिचाच असेल तर लगेच पासवर्ड बदला. त्याचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. अशा वेळी एमसीसीच्या संकेतस्थळावर दिलेल्या हेल्पलाइनला आणि ईमेलवर मुलीच्या नावाने, नीटचा रोल नंबर लिहून, तक्रार द्या. हे टाळू नका. त्याने तिच्या नावाने स्ट्रे फेरीत तुम्हाला न परवडणारं कॉलेज भरून ठेवलं, जागा लागली आणि तुम्ही घेतली नाही, तर अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षीच्या नीटलाही तिला मज्जाव होऊ शकतो. पैसे गेले तर कर्ज फेडता येईल. तिचं वर्ष नाही.

त्यानंतर संस्थेकडे विचारणा करा, पण पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही. तो नंबर त्याच्याच माणसाचा असू शकतो. विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः उघडा, तिथल्या कुलसचिवांच्या आणि अधिष्ठात्यांच्या अधिकृत ईमेलवर पत्राची स्कॅन प्रत जोडून चार गोष्टी विचारा : हे पत्र आणि त्याचा जावक क्रमांक तुमचा आहे का; ही व्यक्ती तुमची प्रतिनिधी आहे का; यंदाची एमबीबीएसची पूर्ण फी, वसतिगृह, मेस आणि परत मिळणारी अनामत धरून, बाबवार किती; आणि ती कोणत्या नावाच्या खात्यात भरायची. फोनवर ‘हो हो, बरोबर आहे’ असं कोणी म्हणालं तर ते धरू नका. ईमेलचं उत्तर हा पुरावा असतो, फोनवरचं नाही. शुल्काचा तपशील विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि एमसीसीच्या पोर्टलवरच्या सहभागी संस्थांच्या माहितीतही मिळतो. तिन्ही आकडे जुळवून पाहा. वसतिगृहाची किंवा मेसची वेगळी फी असणं गैर नाही, पण ती जाहीर तक्त्यात हवी आणि तिची पावती संस्थेच्या नावाची हवी. (अभिमत नसलेल्या राज्यातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांचं शुल्क मात्र शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर संस्थेनुसार दिसतं.)

ठरलेल्या फीच्या वर घेतलेली कोणतीही रक्कम, तिला देणगी म्हणा, विकास निधी म्हणा किंवा इमारत निधी, महाराष्ट्रात 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. त्यात किमान एक वर्ष ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी वैद्यकीय कॉलेजांनी फी रोखीने घेऊ नये असंही बजावलं आहे. म्हणून ‘रोखच लागेल’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच व्यवहार थांबवायचा. संस्थेतलाच कोणी यात सामील असल्याचं उत्तरातून दिसलं, तर विद्यापीठ अनुदान आयोग आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडेही लेखी तक्रार करा.

आता तुमचे 5 लाख. इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या टप्प्यावर पालक एक चूक करतात आणि मग खटला उभाच राहत नाही. डोनेशन दिलं हे सांगायची लाज किंवा भीती वाटते, म्हणून ते फिर्यादीत ‘हातउसने दिले’ असं लिहितात. मग आरोपीचा वकील व्हॉट्सॲपचे संदेश पुढे करतो, त्यात सीट, कोटा, कॉलेज हे सगळं असतं, आणि फिर्यादीच खोटा ठरतो. माझ्या एका पक्षकाराची तक्रार याच एका शब्दापायी वर्षभर अडकून पडली होती. तुम्ही घडलं तसंच लिहा : सीटच्या आमिषाने पैसे घेतले आणि खोटं पत्र दिलं.

अगदी आज 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर यूपीआयच्या दोन्ही व्यवहारांचे क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. दिवस उलटले असले तरी त्या खात्यात काही शिल्लक असेल तर ती गोठवली जाऊ शकते. मग बार्शीच्याच पोलीस ठाण्यात फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम 318(4), आणि बनावट दस्तऐवज, कलमे 336 आणि 340, अशी फिर्याद द्या. ‘गुन्हा पुण्यात घडला, तिकडे जा’ असं म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद. तो नोंदवणं त्यांचं कर्तव्य आहे. तरीही नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवून पोच जपा, म्हणजे पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

रोख 3 लाखांना पावती नाही, पण पुरावा असतोच. बँकेतून काढले असतील तर पासबुकातली नोंद, सोनं गहाण ठेवलं असेल तर त्याची पावती, पैसे देताना हजर असलेली माणसं, आणि ‘मिळाले’ असा त्याचा एखादा संदेश. गावातला तो ओळखीचा माणूस त्या वेळी तिथे होता का? त्याला साक्षीदार व्हायचंय की आरोपी, हे त्यानेच ठरवावं. संदेश पुसू नका, फोन विकू नका किंवा रिसेट करू नका. न्यायालयात संदेश दाखवताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा.

चेकवर फार भिस्त ठेवू नका. तो तारखेपासून तीन महिन्यांतच भरता येतो; वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर 15 दिवसांची मुदत आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. पण बेकायदा कामासाठी दिलेल्या पैशांपोटीचा चेक कायदेशीर देण्यापोटी दिलेला नाही, असा बचाव तो घेईल, आणि या बचावाला काही उच्च न्यायालयांनी दाद दिली आहे. दिवाणी दाव्यातही बेकायदा हेतूचा करार रद्दबातल ठरवणारं करार कायद्याचं कलम 23 आडवं येतं. तुमच्या बाजूने भारतीय न्यास अधिनियमाचं कलम 84 आहे : बेकायदा हेतूसाठी पैसे दिले पण तो हेतू तडीस गेला नाही, किंवा देणारा घेणाऱ्याइतका दोषी नाही, तर घेणाऱ्याला ते पैसे देणाऱ्यासाठीच धरून ठेवावे लागतात. तुमच्या प्रकरणात जागा लागलेली नाही आणि पत्रच खोटं निघालं तर दोन्ही गोष्टी जुळतात. यासाठीसुद्धा शनिवारचे 8 लाख न देणं गरजेचं आहे. पत्राबद्दल शंका आल्यानंतर दिलेला पैसा मागताना ‘मी फसलो’ म्हणणं अवघड होतं.

मूळ दाखल्यांसाठी त्याला आजच एका ओळीचा संदेश पाठवा : ‘मुलीचे सर्व मूळ दाखले उद्या संध्याकाळपर्यंत परत द्या.’ आरोप नको, धमकी नको. दिले तर उत्तम. नाही दिले तर फिर्यादीत तेही लिहा आणि बोर्डाकडे गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रतींसाठी अर्ज करा. शनिवारी त्याचा फोन आला तर ‘कॉलेजच्या खात्यात ऑनलाइन भरतो, खाते क्रमांक ईमेलवर पाठवा’ एवढंच म्हणा, कॉल रेकॉर्ड करा आणि त्याचं उत्तर तपास अधिकाऱ्याला ऐकवा.