इंग्रजी वाक्य मराठीत आणताना

प्रश्न: कोल्हापुरात पर्यटकांसाठीचा मजकूर मराठीत करतोय. क्रियापद शेवटी नेलं तरी वाक्य अवघडतं. का?

नुसतं क्रियापद हलवून भागत नाही. नामामागचं 'दॅट'वालं उपवाक्यही हलवावं लागतं. इंग्रजीत ते नामानंतर येतं, मराठीत धातुसाधित होऊन बहुधा नामाआधी घुसतं. 'शाहू महाराज स्टार्टेड द डॅम दॅट स्टँड्स ऑन द भोगावती' याचं 'शाहू महाराजांनी भोगावतीवर उभं असलेलं धरण बांधायला घेतलं' केलं, तर उभं धरणच पुन्हा बांधायला घेतल्यासारखं वाटतं! त्यापेक्षा वाक्य तोडा: 'शाहू महाराजांनी धरण बांधायला घेतलं. ते आज भोगावतीवर उभं आहे.' मात्र उपवाक्याने नेमकी ओळख पटत असेल तर तोडू नका. 'रंकाळ्यावर भेळ विकणारा माणूस' असंच राहू द्या.